उलट नोंद आणि सुलट नोंद : मेल सर्व्हर पाठवणाऱ्याचे नाव का पडताळतो

१

एक मेल सर्व्हर दुसऱ्या मेल सर्व्हरकडे पत्र घेऊन जातो, तेव्हा स्वीकारणाऱ्यास पाठवणाऱ्याविषयी खात्रीने ठाऊक असलेली गोष्ट एकच असते. ज्या आयपी पत्त्यावरून संपर्क आला तो क्रमांक, एवढीच ती गोष्ट होय. उत्तरे त्याच क्रमांकाकडे परत जावयाची असल्यामुळे हा क्रमांक सहजासहजी खोटा सांगता येत नाही. याउलट पाठवणारे यंत्र स्वतःचे जे नाव सांगते, पत्राच्या शिरोभागी प्रेषक म्हणून जे नाव असते, ते सर्व पाठवणाऱ्याने स्वतःविषयी केलेले निवेदन असते. त्याला दुसरा साक्षीदार नसतो.

अशा स्थितीत स्वीकारणारा सर्व्हर पत्र हाती घेण्यापूर्वीच एक चौकशी करतो. 'या क्रमांकाचे नाव काय ?' असा प्रश्न तो डीएनएस या नामव्यवस्थेस विचारतो. उत्तरादाखल जी नोंद मिळते तिला पीटीआर नोंद म्हणतात. नावावरून क्रमांक सांगणारी नेहमीची नोंद ती ए-नोंद. प्रस्तुत लेखात सोयीसाठी ए-नोंदीस 'सुलट नोंद' व पीटीआर नोंदीस 'उलट नोंद' असे म्हटले आहे. उलट नोंद नसेल, किंवा तिने सांगितलेल्या नावाची सुलट नोंद त्याच क्रमांकाकडे परत येत नसेल, तर अनेक सर्व्हर पत्र घेण्याचे नाकारतात आणि पाठवणाऱ्याकडे `550 5.7.25` या अंकांनी सुरू होणारा नकार परत येतो.

ही तपासणी निरुपयोगी टपालास आळा घालण्यासाठी आहे, असे तिचे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते. ते खोटे नाही. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. उलट नोंदीत कोणतेही नाव लिहिता येते, आणि अनिष्ट टपाल पाठवणाराही ती लिहवून घेऊ शकतो. मग तिच्या असण्यानसण्यावरून काय सिद्ध होते ? या प्रश्नाचे उत्तर नोंदीच्या इतिहासात सापडते. नाव व क्रमांक यांचे अधिकारी एकदा वेगळे झाले आणि त्यामुळे दोघांच्या साक्षी जुळणे यास अर्थ आला, हे या इतिहासाचे सार होय.

२

आर्पानेट या अमेरिकी संगणकजालाच्या काळात नाव व क्रमांक यांची यादी एकच होती. `HOSTS.TXT` या नावाची ही फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील माहिती-केंद्र सांभाळीत असे. जालातील प्रत्येक यंत्राची त्यात एक ओळ असे, आणि त्या ओळीत क्रमांकही असे व नावही असे. त्यामुळे उलट आणि सुलट हा भेदच तेव्हा उद्भवत नव्हता. नाव ठाऊक असेल तर ओळ शोधून क्रमांक वाचावयाचा; क्रमांक ठाऊक असेल तर तीच ओळ शोधून नाव वाचावयाचे. लिहिणारा हात एकच असल्यामुळे दोहोंत विसंगती येण्याचे कारण नव्हते.

यंत्रांची संख्या वाढली तशी ही एकहाती यादी अपुरी पडू लागली. पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ या दोन लेखांत डीएनएसची रचना मांडली. या लेखांची सुधारलेली आवृत्ती, म्हणजे आरएफसी १०३४ व १०३५, नोव्हेंबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या व्यवस्थेत यादीचे तुकडे होऊन प्रत्येक तुकडा ज्याचा त्याच्या ताब्यात गेला. नावाचा मालक तेवढ्या नावाखालील नोंदी ठेवू लागला. नावावरून क्रमांक काढणे यामुळे सोपे राहिले, कारण नावातच कोणास विचारावयाचे हे सांगितलेले असते. परंतु केवळ क्रमांक हाती असेल तर विचारावयाचे कोणास ? क्रमांकात मालकाचे नाव नसते. मूळ रचनेत यासाठी 'विलोम पृच्छा' अशी एक सोय होती. पण तिला उत्तर देणारा सर्व्हर फक्त स्वतःजवळील नोंदींपुरतेच बोलू शके, आणि योग्य सर्व्हर कोणता हे आधीच ठाऊक असल्याखेरीज तिचा उपयोग नव्हता. ती वापरात रुळली नाही व २००२ मध्ये आरएफसी ३४२५ने ती रीतसर रद्द केली.

टिकला तो दुसरा उपाय. क्रमांकांनाच नावांचे रूप द्यावयाचे आणि त्यांच्यासाठी `in-addr.arpa` हे वेगळे डोमेन राखून ठेवावयाचे, असा तो होता. यात एक भाषिक अडचण होती. डोमेन-नाव लहानाकडून मोठ्याकडे वाचले जाते. `mail.example.org` यात यंत्र आधी, संस्था नंतर व सर्वांत व्यापक विभाग शेवटी. मराठी पत्त्यातील 'मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा' हा क्रम असाच आहे. आयपी पत्ता मात्र दूरध्वनीच्या क्रमांकाप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे जातो : आधी व्यापक जाल, शेवटी एकटे यंत्र. दोन्ही एकाच वृक्षात बसवावयाचे तर एकाचा क्रम फिरवणे भाग होते. म्हणून `203.0.113.25` या पत्त्याची उलट नोंद `25.113.0.203.in-addr.arpa` या नावाने ठेवली जाते. अंक उलटे लिहिण्यामागे गूढ असे काही नाही; क्रमांकास मुक्काम-पोस्ट-तालुका-जिल्ह्याच्या क्रमात आणणे एवढेच त्याचे प्रयोजन होय.

३

या रचनेचा जो परिणाम पुढे निर्णायक ठरला, तो असा. सुलट नोंद नावाच्या मालकाच्या ताब्यात राहिली, तर उलट नोंद क्रमांकाच्या धारकाच्या ताब्यात गेली. क्रमांक जागतिक पातळीवरून पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांकडे, त्यांच्याकडून सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडे आणि तेथून ग्राहकाकडे येतात. भारतात हे वाटप एपीनिक ही आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था व इरिन ही राष्ट्रीय नोंदणी संस्था यांच्यामार्फत होते. उलट नोंदीचा अधिकार याच साखळीने खाली उतरतो. डोमेन विकत घेतल्याने तो मिळत नाही.

दोन अधिकारी झाले, तेव्हा एकाने दुसऱ्याविषयी खोटे लिहिण्याची शक्यताही निर्माण झाली. आपल्या क्रमांकांच्या विभागात कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो. त्याला त्या नावाच्या मालकाची संमती लागत नाही. हा धोका प्रथम ई-मेलच्या नव्हे, तर दूरस्थ प्रवेशाच्या संदर्भात उघड झाला. बर्कली युनिक्सवरील `rlogin` व `rsh` या आज्ञा विश्वासू यंत्रांची यादी नावांनी ठेवीत. संपर्क आला की क्रमांकावरून उलट नोंद काढावयाची, मिळालेले नाव यादीत आहे का हे पाहावयाचे, आणि असल्यास परवलीच्या शब्दावाचून आत घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. ज्याच्या हाती स्वतःच्या क्रमांकांचा उलट विभाग आहे, त्याने तेथे विश्वासू यंत्राचे नाव लिहिले की दार उघडे.

बेल लॅबोरेटरीजमधील स्टीव्हन बेलोव्हिन यांनी या हल्ल्याचे विवेचन करणारा निबंध १९९० मध्ये लिहिला. या उणिवेकडे स्वतः मोकापेट्रिस यांचे लक्ष पूर्वीच गेले होते. दोष सर्वत्र पसरलेला असल्यामुळे बेलोव्हिन यांनी निबंध राखून ठेवला आणि तो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळात उपाय म्हणून जी पद्धत रूढ होत होती ती दुहेरी तपासणीची. क्रमांकावरून नाव काढावयाचे, मग त्या नावाची सुलट नोंद विचारावयाची, आणि तिच्यात मूळ क्रमांक आढळला तरच नाव खरे मानावयाचे. आइंडहोव्हेन येथील वित्से व्हेनेमा यांनी १९९२ मध्ये निबंधरूपाने मांडलेल्या टीसीपी रॅपर या साधनात ही तपासणी होती. नाव व क्रमांक जुळत नसतील तर संपर्क तेथेच तोडण्याची सोय त्यात होती.

ही दुहेरी तपासणी म्हणजे दोन स्वतंत्र अधिकाऱ्यांच्या साक्षी जुळवून पाहणे होय. क्रमांकाचा धारक म्हणतो, 'हा क्रमांक या नावाचा'. नावाचा मालक म्हणतो, 'हे नाव या क्रमांकाचे'. खोटी उलट नोंद लिहिणाऱ्याला पहिले वाक्य लिहिता येते, पण दुसरे लिहिणे त्याच्या हाती नसते. तथापि डीएनएसची उत्तरेच भेसळ करून पाठवली तर हीही तपासणी फसू शकते, हे बेलोव्हिन यांनी त्याच निबंधात दाखवले होते. म्हणून प्रवेश देण्यासाठी ही साक्ष पुरेशी मानणे धोक्याचे ठरले. मात्र प्रवेश देणे आणि संशयितास दाराशी थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या कामी अपुरा पडलेला हा पुरावा दुसऱ्या कामी उपयोगी पडला. आणि ते काम ई-मेलचे होते.

४

ई-मेलची देवघेव ठरवणारा एसएमटीपी हा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या लेखात दिला. डीएनएस त्यानंतर सव्वा वर्षाने आले. संभाषणाच्या आरंभी पाठवणाऱ्या यंत्राने `HELO` म्हणून (पुढील काळात `EHLO` म्हणून) आपले नाव सांगावयाचे असते. ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२३ने या नावाची पडताळणी करण्यास मुभा दिली. परंतु ती फसली तरी त्या कारणाने पत्र नाकारता कामा नये, असे स्पष्ट बजावले. ऑक्टोबर २००८च्या आरएफसी ५३२१ मध्येही हाच निर्बंध कायम आहे. टपाल पोचले पाहिजे, हा त्या नियमांचा मूळ आग्रह होता. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घेतला पाहिजे. निर्बंध आहे तो यंत्राने सांगितलेल्या नावावरून नाकारण्यास. क्रमांकास मुळीच नाव नाही, या कारणाने नाकारण्याविषयी तेथे असा निषेध नाही. आजची तपासणी या मोकळ्या जागेत वाढली.

ती वाढण्याचे निमित्त नव्वदीच्या दशकानंतरच्या अनिष्ट टपालाचे. २००३च्या सुमारास हे टपाल पाठवण्याची एक नवी रीत बळावली. घरोघरच्या संगणकांत विषाणू शिरवून त्यांच्याकडूनच ते पाठवले जाऊ लागले. मालकास पत्ताही नसताना त्याच्या घरचा संगणक शेकडो सर्व्हरांना पत्रे पाठवू लागला. आता अशा घरच्या संगणकाचा क्रमांक कोणाचा असतो ? इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा. त्याची उलट नोंद एक तर नसते, किंवा कंपनीने यंत्रवत् तयार केलेली असते. तिच्या नावात क्रमांकाचेच अंक व `dynamic`, `dsl`, `pool` असे शब्द दिसतात. संगणक ताब्यात घेणाऱ्या चोराला त्या संगणकावर काहीही करता येते, पण उलट नोंद त्या संगणकावर नसतेच. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि तेथे चोराचा हात पोचत नाही.

तपासणीचे मर्म येथे आहे. उलट नोंद पाठवणाऱ्याच्या सचोटीची ग्वाही देत नाही. 'या क्रमांकावरून मेल सर्व्हर चालतो हे मला ठाऊक आहे आणि त्याचे हे नाव मी लिहून दिले आहे', एवढी क्रमांकाच्या धारकाची कबुली ती देते. प्रामाणिक सर्व्हरचालकास ही कबुली एका अर्जाने मिळते. चोरलेल्या यंत्राच्या चालकास ती मागताच येत नाही. शिवाय ही चौकशी संपर्क होताच, पत्राचा मजकूर येण्यापूर्वी, एकदोन लहान प्रश्नांत उरकते. पत्र घेऊन, वाचून मग टाकून देण्यापेक्षा स्वीकारणाऱ्याला ती कितीतरी स्वस्त पडते.

टीसीपी रॅपरचे कर्ते व्हेनेमा यांनीच पुढे पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर लिहिला व तो डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील या विषयाचे दोन नियम तुलनेने पाहण्याजोगे आहेत. `reject_unknown_reverse_client_hostname` हा सौम्य नियम उलट नोंद मुळीच नसेल तरच नाकारतो. `reject_unknown_client_hostname` हा कडक नियम उलट नोंद असूनही सुलट नोंद नसेल, किंवा दोन्ही जुळत नसतील, तरीही नाकारतो. दोहोंचा नकार मुळात `450` या अंकाचा, म्हणजे 'तूर्त नाही, पुन्हा या' असा असतो. डीएनएस काही काळ उत्तर देत नसेल तर प्रामाणिक पत्र कायमचे परत जाऊ नये, ही त्यातील सावधगिरी होय. `5` या अंकाने सुरू होणारा नकार मात्र कायमचा असतो, व तो मिळताच पाठवणारा सर्व्हर प्रयत्न सोडून देतो.

पुढे ही प्रथा नियमांच्या भाषेतही उतरली. सप्टेंबर २०१४च्या आरएफसी ७३७२ने उलट नोंदीची पडताळणी फसल्याचे कळवण्यासाठी `X.7.25` हा स्वतंत्र संकेत नेमून दिला. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकास उलट व सुलट नोंदी वैध असण्याची अट लागू झाली. जी नोंद १९८३ मध्ये केवळ नाव विचारण्याची सोय होती, ती अशा रीतीने टपालाच्या प्रवेशाची अट झाली. लहान संस्थेने स्वतःचा मेल सर्व्हर चालवावयाचा, तर ही एक नोंद नसल्याने तिची सर्व पत्रे परत येऊ शकतात.

५

ही नोंद करावयाची कशी, हे एका उदाहरणाने पाहू. एका संस्थेने भाड्याच्या सर्व्हरवर मेल सर्व्हर उभारला, त्याचे नाव `mail.example.org` व पत्ता `203.0.113.25` आहे, असे समजू. (हे नाव व हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत.) संस्थेची पत्रे `5.7.25` या संकेताने परत येत आहेत. प्रथम दोन्ही साक्षी विचारावयाच्या :

```
dig +short -x 203.0.113.25
dig +short A mail.example.org
```

पहिली आज्ञा अंक स्वतःच फिरवून उलट नोंद विचारते. तिचे उत्तर कोरे आले, तर नोंद नाही. उत्तरात कंपनीने दिलेले यंत्रवत् नाव आले, तर नोंद आहे पण आपली नाही. दुसऱ्या आज्ञेने `203.0.113.25` हेच उत्तर दिले पाहिजे. या उदाहरणात पहिले उत्तर कोरे व दुसरे बरोबर आले, असे धरू. म्हणजे नावाच्या मालकाने आपली साक्ष दिली आहे. उणीव क्रमांकाच्या धारकाच्या साक्षीची आहे.

हा धारक कोण, हे पुढील आज्ञेने कळते :

```
dig SOA 25.113.0.203.in-addr.arpa
```

उत्तरातील `SOA` ओळीत तो उलट विभाग ज्याच्याकडे आहे त्याच्या सर्व्हरचे नाव असते. सामान्यतः ती सर्व्हर भाड्याने देणारी किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी असते. नोंद मागावयाची ती तिच्याकडे. येथे सर्वांत वारंवार होणारी चूक सांगितली पाहिजे. सर्व्हरचालक आपल्या डोमेनच्या नियंत्रण-पानावर जाऊन तेथे `PTR` प्रकारची नोंद लिहितो आणि काम झाले असे मानतो. ती नोंद जतन होते, पण क्रमांकाविषयी विचारणारा कोणीही तेथे कधीच येत नाही, कारण `in-addr.arpa`ची वाट त्या डोमेनकडे जातच नाही.

भाड्याच्या सर्व्हरच्या बाबतीत बहुधा कंपनीच्या नियंत्रण-पानावर त्या पत्त्यासमोर उलट नोंदीसाठी जागा असते. तेथे `mail.example.org` एवढे लिहावयाचे. अशी जागा नसल्यास लेखी विनंती करावी लागते. काही कंपन्या सुलट नोंद आधी अस्तित्वात असल्याखेरीज उलट नोंद लिहून देत नाहीत, म्हणून क्रम नेहमी सुलट आधी, उलट नंतर असा ठेवावा. घरगुती जोडणीचा बदलता पत्ता असेल तर ही विनंती बहुधा मान्य होत नाही. अशा ठिकाणाहून थेट पत्रे न पाठवता ती सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या मेल सर्व्हरमार्फत पाठवणे हाच मार्ग उरतो.

संस्थेकडे २५६ पत्त्यांचा पूर्ण गट असेल आणि त्याचा उलट विभाग तिच्याकडे सोपवलेला असेल, तर ती नोंद स्वतःच लिहू शकते :

```
$ORIGIN 113.0.203.in-addr.arpa.
25   3600   IN   PTR   mail.example.org.
```

यातील शेवटचे पूर्णविरामासारखे टिंब अर्थपूर्ण आहे. 'नाव येथे पूर्ण झाले' असे ते सांगते. ते गाळल्यास सर्व्हर नाव अपुरे समजून त्यापुढे विभागाचे नाव जोडतो, आणि `mail.example.org.113.0.203.in-addr.arpa` असे निरर्थक नाव जगास दिसू लागते. तपासणीच्या उत्तरात नावाच्या शेवटी `in-addr.arpa` आढळले की टिंब राहिले असे निश्चित समजावे. बदल केल्यावर विभागाच्या `SOA` नोंदीतील अनुक्रमांक वाढवणेही आवश्यक असते. एरवी दुय्यम सर्व्हर जुनीच प्रत देत राहतात.

गट २५६ पत्त्यांहून लहान असेल तर आणखी एक पेच येतो. उलट विभागाच्या सीमा टिंबांवर पडतात, तर १९९३ पासून पत्त्यांचे वाटप टिंबांच्या सीमा ओलांडून लहानमोठ्या गटांत होऊ लागले. आठ पत्त्यांच्या धारकास स्वतंत्र विभाग कसा द्यावयाचा ? मार्च १९९८च्या आरएफसी २३१७ने यावर तोड काढली. कंपनीने आपल्या विभागात त्या आठ पत्त्यांसमोर उलट नोंद न लिहिता, ग्राहकाच्या ताब्यातील नव्या नावाकडे बोट दाखवणारी `CNAME` नोंद लिहावयाची. खरी उलट नोंद ग्राहकाने तेथे ठेवावयाची. टपाल दुसऱ्या पत्त्यावर वळते करण्यासारखीच ही व्यवस्था आहे. परंतु तिच्यासाठी कंपनीची तयारी लागते; एकदोन पत्त्यांसाठी कंपनीकडूनच नोंद लिहवून घेणे सोपे.

तिसरी साक्ष यंत्राच्या स्वतःच्या तोंडची. `EHLO`च्या वेळी यंत्राने हेच नाव सांगावे. पोस्टफिक्समध्ये ते असे ठरवतात :

```
postconf -e 'myhostname = mail.example.org'
postfix reload
```

यानंतर आरंभीच्या दोन आज्ञा पुन्हा चालवाव्यात. पहिलीने नाव व दुसरीने मूळ क्रमांक दिला की वर्तुळ पूर्ण झाले. जुने उत्तर, किंवा 'नोंद नाही' हे उत्तरही, इतर सर्व्हरांच्या स्मृतीत काही काळ टिकते. म्हणून नकार लगेच थांबले नाहीत तर नोंदीवर दिलेली मुदत संपेपर्यंत वाट पाहावी. समोरचा सर्व्हर पोस्टफिक्स असेल तर त्याच्या नोंदवहीत पडताळणी फसलेला पाहुणा `unknown[203.0.113.25]` असा दिसतो. ती जुळल्यावर त्याच जागी `mail.example.org[203.0.113.25]` असे दिसू लागते.

सर्व काही जुळूनही नकार येत राहिले, तर नकाराच्या मजकुरातील पत्ता अक्षरशः वाचावा. पुष्कळदा तो अपेक्षित पत्ता नसतोच. यंत्रास दोन पत्ते असल्यास ते दुसऱ्याच पत्त्यावरून बोलत असते. किंवा, आणि हे अधिक वेळा घडते, ते आयपीव्ही६च्या लांब पत्त्यावरून बोलत असते आणि नोंद मात्र जुन्या पत्त्याचीच केलेली असते. आयपीव्ही६ची उलट नोंद `ip6.arpa` या निराळ्या डोमेनमध्ये राहते व तीही निराळी मागावी लागते. तिची सुलट बाजू `AAAA` नोंदीने सांगावयाची असते. ती मिळेपर्यंत पोस्टफिक्सला `inet_protocols = ipv4` असे सांगून पुन्हा सुरू केले, तर तो जुन्याच पत्त्यावरून बोलतो.

६

या साक्षीची मर्यादाही तिच्या स्वरूपातूनच निघते. क्रमांक व यंत्राचे नाव यांचा संबंध ती सांगते. पत्राच्या शिरोभागी लिहिलेल्या प्रेषकाविषयी ती काहीच सांगत नाही. एका सर्व्हरवरून पन्नास संस्थांची पत्रे जात असतील, तर उलट नोंदीत त्या सर्वांची नावे लिहावयाची नसतात; सर्व्हरचे एकच नाव पुरते. प्रेषकाच्या डोमेनची साक्ष देण्यासाठी एसपीएफ व डीकेआयएम या वेगळ्या योजना आहेत. एसपीएफमध्ये उलट नोंदीचा आधार घेण्याची एक सोय होती. एप्रिल २०१४च्या आरएफसी ७२०८ने ती वापरू नये असे सांगितले, कारण ती संथ व बेभरवशाची असून `arpa`च्या सर्व्हरांवर अकारण भार टाकते.

तसेच, पैसे देऊन सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या अनिष्ट टपालवाल्यास ही नोंद मिळण्यात अडचण नसते. म्हणून तिचे असणे हा गुण मोजला जात नाही, नसणे हा दोष मोजला जातो. स्वीकारणाऱ्याने या दोषास कोणती शिक्षा द्यावी, हाही विचार त्यातूनच येतो. उलट नोंद मुळीच नसेल तर नाकारणे आज रूढ झाले आहे. ती असून जुळत नसेल, तर तेथे चोरीपेक्षा दुर्लक्ष असण्याचा संभव अधिक. यंत्र नव्या पत्त्यावर गेले आणि जुनी नोंद तशीच राहिली, असे पुष्कळ वेळा घडते. अशा पत्रास तात्पुरता नकार देणे, किंवा संशयाचे गुण देऊन पुढील तपासणीकडे सोपवणे, हे कायमच्या नकारापेक्षा न्याय्य ठरते.

एका फाइलमधील एका ओळीत नाव व क्रमांक शेजारी होते, तोवर त्यांच्या संबंधास साक्षीची गरज नव्हती. ती ओळ दुभंगली व दोन तुकडे दोन मालकांकडे गेले. ते तुकडे पुन्हा जुळतात की नाही, एवढेच स्वीकारणारा सर्व्हर प्रत्येक संपर्काच्या वेळी पाहत असतो. आणि ते जुळवून ठेवण्यासाठी पाठवणाऱ्यास दोन ठिकाणी, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे जावे लागते.